वर्षातल्या सर्वोत्तम कर्मचारी: आमच्या तिसऱ्या मजल्याच्या मावशी

मावशी,

ट्रॉफी देताना जे सन्मानपत्र वाचतात ना, ते लिहायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. फॉर्मवर चार ओळींचीच जागा आहे, आणि "मेहनती, प्रामाणिक, हसतमुख" एवढं लिहिलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण ते कुणाबद्दलही लिहिता येतं. तुम्ही नक्की काय केलंत ते आपल्या हॉटेलमधल्या निम्म्या लोकांना माहीतच नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्हाला संकोच वाटेल ते माहितीये, तरी लिहितोय.

आधी ढेकणांची गोष्ट. त्या दिवशी हॉटेल फुल होतं, दोन वाजता नवीन गेस्ट येणार होते आणि मी सारखा इंटरकॉमवर "मावशी रूम झाली का, मावशी रूम झाली का" करत होतो. तुम्ही रूममधल्या फोनवरून मला शांतपणे सांगितलंत, "साहेब, ही रूम आज द्यायची नाही. तुम्ही वर या, आणि येताना कुणाला काही बोलू नका." मला खरं सांगायचं तर आधी रागच आला होता. वर आलो तर तुम्ही बेडशीट काढून गादीच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात टॉर्च धरून बसला होतात. गादीच्या कडेला जी शिवलेली गोट असते ती एका जुन्या कार्डाच्या कडेने उचलून धरली होती, आणि तिच्या खाली काळे ठिपके होते, पेनाचं टोक टेकवल्यासारखे, सात-आठ. मी म्हटलं धूळ असेल. तुम्ही पांढरं फडकं ओलं करून त्यावरून हळूच फिरवलंत आणि फडक्यावर तांबूस-तपकिरी रेघ उमटली. धूळ असती तर अशी रेघ आली नसती, ढेकणाची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्तच असतं म्हणून ती अशी पसरते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी या कामात किती वर्षं आहे ते तुम्हाला माहितीये. मग गोटीत एक वाळकी पोकळ कात दिसली, आणि जरा पुढे एक जिवंत ढेकूण, सफरचंदाच्या बी एवढा. तुम्ही तो पारदर्शक टेपला चिकटवून कागदावर लावून ठेवलात, पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवायला.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते तुम्ही काय काय *नाही* केलंत ते. ट्रॉली रूमच्या बाहेर होती ती तशीच बाहेर ठेवलीत. काढलेल्या चादरी हातात घेऊन कॉरिडॉरमधून गेला नाहीत, रूममध्येच पिशवीत भरून, तोंड गच्च बांधून, वर वेगळी चिठ्ठी लावलीत म्हणजे लॉन्ड्रीत ती पिशवी बाकीच्या कपड्यांत मिसळणार नाही. व्हॅक्युमसुद्धा त्याच रूममध्ये ठेवलात. बाहेर यायच्या आधी स्वतःचा एप्रन आणि चपलांचे तळवे तपासलेत. मी घाबरून म्हटलं स्टोअरमधून स्प्रे आणतो, मारून टाकू, तेव्हा तुम्ही हात धरून थांबवलंत. डब्यातला स्प्रे मारला की समोर दिसतात तेवढे मरतात आणि बाकीचे भिंतीच्या फटीत, शेजारच्या रूममध्ये पांगतात, आणि त्यातले बरेच तर आता नेहमीच्या औषधाला दादच देत नाहीत. तुम्ही हे आधी दुसऱ्या ठिकाणी भोगलेलं होतं म्हणून तुम्हाला माहीत होतं.

मग तुम्ही म्हणालात की डावीकडची, उजवीकडची, वरची, खालची आणि समोरची, पाचही रूम बघायला हव्यात. मेंटेनन्सवाला हेडबोर्ड काढायला कुरकुर करत होता, भिंतीवर स्क्रूने बसवलेले असतात ना ते, पण तुम्ही सोडलं नाहीत. आणि झालंही तसंच, शेजारच्या रूममध्ये गादी एकदम स्वच्छ होती पण त्याच सामाईक भिंतीकडच्या हेडबोर्डच्या मागे, स्क्रूच्या भोकात, पांढुरकी अंडी चिकटलेली होती, जेमतेम मिलिमीटरभर. ते हेडबोर्ड काढलं नसतं तर आपण एक रूम साफ करून खूश झालो असतो आणि महिन्याभराने सगळा मजला बंद करायची वेळ आली असती.

दोन्ही रूम बंद केल्या. लिनन ६० डिग्रीच्या पाण्यात धुऊन वर ड्रायरमध्ये चांगलं गरम फिरवलं, गाद्यांना आणि बेडच्या फ्रेमला पेस्ट कंट्रोलने आधी वाफ आणि मग औषध मारलं. मला वाटलं संपलं. चौथ्या दिवशी फ्रंट ऑफिस मागे लागलं की रूम उघडा, बुकिंग आहे, आणि मी जवळजवळ हो म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात अंडी राहिली असतील तर आठ-दहा दिवसांनी पिल्लं बाहेर येतील, तोपर्यंत कुणाला झोपवायचं नाही. रोज ड्युटी संपल्यावर दहा मिनिटं तुम्ही त्या दोन रूममध्ये टॉर्च घेऊन जात होतात. बाराव्या दिवशी तुम्हाला बेडच्या पायाच्या सांध्यात एक पिल्लू सापडलं, इतकं फिकट की लाकडावर दिसतच नव्हतं, टॉर्च आडवी धरली तेव्हा त्याची सावली दिसली. दुसऱ्यांदा औषध मारलं आणि त्यानंतर पुन्हा दोन आठवडे काही न सापडल्यावरच रूम उघडल्या. तुम्ही नसता तर मी चौथ्या दिवशीच उघडल्या असत्या, हे मी सगळ्यांसमोर लिहून देतो.

अजून एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. त्या रूममधले आधीचे गेस्ट सकाळीच चेकआउट करून गेले होते. जाताना काउंटरवर डास चावल्याचं म्हणाले होते, कुणी लक्ष दिलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, त्यांना फोन करा, त्यांच्या बॅगेतून ते घरी जाईल. ऑफिसमध्ये सगळे गप्प. आपणहून फोन करून आमच्याकडे ढेकूण निघाले असं सांगायचं म्हणजे बदनामी, हे सगळ्यांच्या मनात होतं, माझ्याही. तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यांची पोरं झोपतात ना त्या घरात." मी फोन केला. बॅग बेडरूममध्ये नेऊ नका, कपडे थेट गरम पाण्यात धुवा, बॅगेच्या शिवणी बघा, असं तुम्ही शेजारी उभं राहून सांगत होतात आणि मी तेच फोनवर बोलत होतो. ते चिडले, साहजिक आहे, पण दोन दिवसांनी स्वतःहून फोन करून थँक्यू म्हणाले, बॅगेच्या चेनजवळ एक सापडला होता त्यांना. आणि नंतर कुणीतरी त्यांच्याबद्दल "घाणेरडे लोक असतील" असं बोललं तेव्हा तुम्ही तिथल्या तिथे म्हणालात, ढेकूण घाण बघून येत नाही, बॅगेत बसून येतो, तो आपल्याकडे त्यांच्यामुळे आला की त्यांना आपल्याकडून मिळाला हे कुणाला माहीत आहे.

बाथरूमवाली गोष्ट थोडक्यात सांगतो कारण तो मुलगा आता चांगलं काम करतोय, त्याला लाजवायचं नाहीये. कामावरचा पहिलाच आठवडा, कमोडमध्ये ॲसिडवालं क्लीनर टाकलेलं, डाग जाईना म्हणून वरून ब्लीच ओतायला निघाला. थोडं पडलंही. तुम्ही दोन रूम पलीकडे होतात आणि कॉरिडॉरमध्ये वास आला तशा धावत आलात. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन गॅस सुटतो, छोट्या बंद बाथरूममध्ये तर काही मिनिटांत छाती भरून येते. तो पोरगा खोकत खोकत फ्लश करायला परत आत जात होता, तुम्ही त्याला कॉलरला धरून बाहेर ओढलंत, एक्झॉस्ट चालू केलात, रूमची खिडकी उघडली, बाथरूमचं दार लावलंत आणि त्याला खाली मोकळ्या हवेत नेऊन बसवलंत. डॉक्टरकडे पाठवायचा हट्टही तुमचाच, "बरं वाटतंय" म्हणत होता तरी, कारण त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो. त्याला ओरडला नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही सगळ्या ट्रॉल्यांवर त्या दोन बाटल्या वेगवेगळ्या बाजूला ठेवायला लावल्यात, एक डावीकडे एक उजवीकडे, म्हणजे एकाच हाताने दोन्ही उचलल्या जाणार नाहीत. आज सगळ्या मजल्यांवर तसंच आहे.

आणि ते कानाचं मशीन. चेकआउट रूमच्या चादरी गोळा करताना घाईत सगळे एकदम गुंडाळून टाकतात, तुम्ही मात्र प्रत्येक उशीचा अभ्रा उलटा करता. त्या दिवशी अभ्र्याच्या कोपऱ्यात बोराएवढं काहीतरी लागलं, मुठीत धरल्यावर बारीक शिट्टी वाजली, तुम्ही लगेच ओळखलंत, तुमच्या सासऱ्यांचं तसंच वाजायचं. लॉन्ड्रीत गेलं असतं तर संपलंच होतं. बॅटरीचं झाकण उघडं करून कोरड्या पाकिटात घातलंत, वर रूम नंबर, तारीख, वेळ, "उशीच्या अभ्र्यात" एवढं स्वच्छ अक्षरात लिहिलंत. ते आजोबा परत आले तेव्हा त्यांना काउंटरवरच्या मुलीचं काहीच ऐकू येत नव्हतं, मशीन कानात घातल्यावर पहिलं वाक्य त्यांनी ऐकलं ते तुमचं होतं, "बाबा, आता येतंय का?"

पुरस्काराच्या दिवशी तुम्ही मागे उभ्या राहता तशा राहू नका, पुढे या. आणि दोन गोष्टी मी ऑफिसकडून मंजूर करून घेतल्यात. चेकआउट रूमच्या ठरलेल्या वेळेत गादीची गोट आणि हेडबोर्ड बघायला पाच मिनिटं वाढवलीत, सगळ्यांसाठी. दुसरं म्हणजे ती टॉर्च तुमची स्वतःची होती आणि सेलही तुम्ही स्वतः घालत होतात हे मला इतके दिवस माहीत नव्हतं. सोमवारपासून प्रत्येक ट्रॉलीला एक टॉर्च स्टोअरमधून मिळेल, पहिली तुमच्या ट्रॉलीवर लावून ठेवलीये.

तुमचा,
तिसऱ्या मजल्याचा सुपरवायझर