नव्या मॅडम येण्याआधी

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

हॉटेलच्या लेटरहेडवरचं पत्र तुला मिळालंच असेल. सगळ्या जुन्या सप्लायरांना तेच गेलंय: ३१ तारखेला मी मोकळा, माझ्या जागी जनरल मॅनेजर म्हणून नव्या मॅडम येतायत, ऑर्डर आणि बिलं पूर्वीसारखीच. हिंजवडीच्या कंपन्यांना वेगळं लिहिलं. ठरलेला रूम रेट करार संपेपर्यंत राहणार का आणि रात्री दोनला पाहुणा उतरला तर फोन कोण उचलणार, एवढंच त्यांना हवं असतं. त्यांच्या ॲडमिनवाल्यांना आधी फोन केले, पत्र मागून. शेजारचा सेल्सवाला ही बातमी माझ्याआधी पोहोचवायला टपलेला असतोच.

तुझं मात्र त्या पत्रात भागणार नाही. आपला अर्धा व्यवहार तोंडी आहे.

चादरींचंच घे. ऐंशी खोल्या, खोलीला दोन, म्हणजे १६० बेडवर. तेवढ्याच तुझ्या लाँड्रीत, तेवढ्याच स्टोअरमध्ये, एकूण ४८०. पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून रोज पाच-सहा कमी येतात, त्या दोन दिवसांनी वेगळ्या चलनावर येतात आणि महिनाअखेरीला आपण हिशेब मिटवतो. हे तुला-मला माहीत. मॅडम रजिस्टर उघडतील तेव्हा रकान्यात नुसतं ‘शॉर्ट’ दिसेल आणि पहिल्याच बिलातून पैसे कापले जातील. त्यांना दोष देता येणार नाही. त्या हाउसकीपिंगमधून वर आल्यात, मोजल्याशिवाय सही करत नाहीत. मला तर हे बरंच वाटतं.

म्हणून २९ला रात्री तुझा माणूस पाठव. खोल्या, ट्रॉल्या, स्टोअर आणि तुझी लाँड्री, सगळं एकाच वेळी मोजू. दिवसा माल फिरता असतो, तीच चादर दोनदा मोजली जाते. फाटक्या, डागाळलेल्या वेगळ्या काढायच्या, नाहीतर आकडा जुळतो आणि बेडवर घालायला चादर नसते. जी तूट निघेल ती माझ्या सहीने बंद. येणं-बाकीचा उताराही तेव्हाच जुळवून घे, त्यावर दोघांच्या सह्या हव्यात. तुझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, लेखी करारही आहे. तेव्हा बिल ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाही, हे अकाउंट्सला ठाऊक आहे.

महिनाअखेरीच्या हिशेबाचं मी मॅडमच्या कानावर घातलंय, पण त्यांच्या वतीने शब्द दिलेला नाही. पटलं तर करारात लिहून घे, फोनवर ठेवू नकोस.

आणखी एक. माणूस बदलला की भामट्यांना वास लागतो. तुझं बँक खातं बदलल्याचा मेल आमच्याकडे आला, तर अकाउंट्सवाले तुझ्या जुन्याच नंबरवर फोन करून विचारतील. तो फोन उचल.

मंगळवारी चारनंतर ये, ओळख करून देतो. चलनांची फाइल घेऊन ये, गप्पांआधी त्या तीच मागतील.

तुझा,
मित्र