जाडी मोजून कादंबरी निवडायची असेल तर वजनकाटा आणा

महोदय,

मंगळवारच्या अंकात आमच्याच वाचनगटातल्या एका सभासदाचं पत्र आपण ठळक मथळ्यासह छापलंत. पुढच्या महिन्याच्या कादंबरीवरून आमचं जे काही चाललं आहे ते चार भिंतींत मिटलं असतं. आता ते चावडीवर आलंच आहे, तर दुसरी बाजूही छापावी ही विनंती. ‘दीडशे पानंही नसलेल्या पुस्तकावर महिनाभर काय बोलणार?’ असा त्यांचा सवाल आहे. ते पुस्तक सुचवलं मी, तेव्हा उत्तर देणं माझ्याकडे आलं. पुस्तक म्हणजे विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९ची.

पहिलं कारण प्रामाणिकपणे सांगते. ते वाङ्मयीन वगैरे अजिबात नाही. ही कादंबरी सगळ्यांची वाचून होईल. मागच्या खेपेला याच सभासदांच्या आग्रहाखातर आम्ही उशीला घेता येईल असा एक ग्रंथ निवडला होता. बैठकीच्या दिवशी काय झालं ते त्यांनी पत्रात लिहिलेलं नाही. निम्म्या लोकांनी पहिला भाग वाचला होता. काहींनी मलपृष्ठ वाचलं होतं आणि त्यावर ते आत्मविश्वासाने बोलत होते. एका गृहस्थांनी नायकाच्या मुलाबद्दल बराच वेळ भाषण दिलं. तो मुलगा पुढे मरतो हे त्यांना कुणीतरी मध्येच सांगितलं आणि ते इतके दुखावले की उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसले. ज्या दोघीतिघींनी पुस्तक खरंच संपवलं होतं त्यांना तोंड उघडायची सोय राहिली नाही, कारण त्या काहीही बोलल्या की ‘पुढचं सांगू नका हं!’ असा गलका व्हायचा. शेवटी चर्चा झाली ती एकाच विषयावर: आपलं वाचन हल्ली का होत नाही. याला वजनदार साहित्याची चर्चा म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही.

‘रणांगण’मध्ये हा प्रकार होणार नाही. सगळं घडतं ते युरोपातून निघालेल्या एका बोटीवर, दहाएक दिवसांत. चक्रधर विध्वंस मायदेशी परततो आहे. त्याच बोटीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू आहेत आणि त्यांच्यातली एक हॅर्टा. मुंबई आली की तो उतरणार आणि ती पुढे पूर्वेकडे जाणार, हे दोघांनाही पहिल्यापासून माहीत आहे. वाचकालाही. त्यामुळे ‘पुढे काय होतं’ यावर वाद न होता ‘हे असं का वागतात’ यावर होतो. वाचनगटाला हवं असतं ते हेच, निदान मला तरी.

दुसरं कारण चक्रधर स्वतः. गोष्ट तो स्वतःच सांगतो. उमा नावाच्या मुलीकडून तो दुखावला गेला आहे आणि त्याचा सूड तो समस्त स्त्रीजातीवर काढायला निघालेला आहे. हॅर्टाकडेही तो आधी प्रेमाने गेलेला नाही, आणि हे तो लपवतही नाही. मग त्याच्यात जो बदल होतो, तो खरा मानायचा का? तो बदललाय हे आपल्याला सांगणारा तोच. हॅर्टाच्या मनातलं आपल्याला कळतं ते बहुतेक त्याच्या चष्म्यातून. आमच्या गटात विशीतल्या दोन मुली आहेत. त्या चक्रधरला सोलून काढतील अशी माझी खात्री आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायचं आहे. माझ्या पिढीतल्या बायका त्याला फार सहज माफ करत आल्या.

आक्षेप येतील. ‘सगळ्यांची वाचून झालीय’ हा पहिला येईल. मागे मी नाव काढलं तेव्हा खोलीभर माना डोलल्या होत्या. मी सहज विचारलं की उमा कोण, तर तिघांनी बोटीवरची प्रवासी म्हणून सांगितलं. तेव्हा हा आक्षेप मी मनावर घेत नाही.

‘नवऱ्याचं वाचण्यापेक्षा बायकोचं वाचा’ हाही येईल, आणि तो मला आवडेल. बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई म्हणजेच विभावरी शिरूरकर. त्यांची ‘हिंदोळ्यावर’ लगेच पुढच्या महिन्यात घ्यावी अशी माझी सूचना आहे. चक्रधरचं बाईविषयीचं तत्त्वज्ञान ऐकून झाल्यावर नवऱ्याने टाकलेल्या अचलेची गोष्ट वाचली, तर बैठक लवकर उठणार नाही.

खरी अडचण तिसरीच आहे आणि तिला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. आपल्याला पुढचं ठाऊक आहे. कादंबरी १९३९ची. छळछावण्या तेव्हाही होत्या, पण विषारी वायूच्या कोठड्या आणि साठ लाखांचा संहार अजून घडायचा होता. लेखकाला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. आपण मात्र बोटीवरच्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे त्या नजरेने बघतो, आणि मग पुस्तकात आहे त्यापेक्षा जास्त दुःख त्यात वाचतो. चर्चा तिथे गेली की सगळे गंभीर होतात, मान खाली घालतात आणि पुस्तक बाजूला पडतं. म्हणून माझं म्हणणं असं की बैठकीच्या पूर्वार्धात १९३९नंतरचं काहीच बोलायचं नाही. त्याआधीचं मात्र कुणीतरी पाच मिनिटांत सांगावं. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी या लोकांचं नागरिकत्व गेलं. जुलै १९३८मध्ये या निर्वासितांचं काय करायचं ते ठरवायला फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश जमले आणि सहानुभूती दाखवून जवळपास सगळ्यांनी दारं लावून घेतली. शांघाय हे त्या काळी व्हिसाशिवाय उतरता येण्याजोगं जवळपास एकमेव बंदर उरलं होतं. एवढं कळलं की ही माणसं उलट्या दिशेला, चीनकडे का निघालीत हा प्रश्न सुटतो. माणसं कुठे उतरू शकतात आणि कुठे नाही, यावर चक्रधर आणि हॅर्टाचं सगळं अडलेलं आहे, हेही दिसतं. प्रेमकथा म्हणून वाचणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं.

हे पाळलं जाईल याची मला खात्री नाही. आमच्या गटात कुणाला थांबवणं सोपं नसतं.

जाता जाता आपल्या रविवार पुरवणीविषयी. जुन्या पुस्तकांवरच्या सदरात शेवट सांगून टाकायची जी पद्धत आपण पाडली आहे, ती कृपया आवरावी. गेल्या महिन्यात तर चौकटीतल्या ठळक अक्षरांतच तो छापला होता. डोळे मिटून पान उलटायचं म्हटलं तरी वाचला गेला. वरच्या मजकुरात मी शेवटाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. जमतं, प्रयत्न केला की.

राहिला मतदानाचा प्रश्न. या वेळी हात वर करून मत घेऊ नये, चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि चिठ्ठीवर पुस्तकाच्या नावाखाली ‘मी हे पूर्ण वाचेन’ असं लिहून सही करावी. मंगळवारच्या पत्रलेखकांनी सुचवलेली कादंबरी या अटीवर निवडून आली, तर ती मी मुकाट्याने वाचेन. पत्र छापताना जागा कमी पडली तर उमेचा परिच्छेद कापू नये.

आपली,
त्याच गटातली एक सभासद