दुकान उघडं असताना ‘दुकान बंद आहे’ असा मेसेज जातोय, आणि पैसे तुम्ही घेतलेत

व्यवस्थापक,

आज तुमच्या माणसाशी चौथ्यांदा बोलले. आता लेखी देते.

साताऱ्यातल्या माझ्या फराळाच्या दुकानासाठी व्हॉट्सॲप बिझनेसचं खातं लावून देण्याचे २,५०० रुपये तुम्ही घेतले. त्या दिवसापासून भर दुपारी १२ वाजता, चकलीचा घाणा चालू असताना, गिऱ्हाइकाला उत्तर जातंय: ‘दुकान बंद आहे, उद्या संपर्क करा.’ गेल्या शनिवारी एका ताईंनी ४ किलो अनारशांची ऑर्डर टाकली, हे उत्तर वाचलं आणि दुसरीकडून घेतले.

तुमच्या माणसाला सांगितलं तर म्हणतो, ‘मॅडम, मेसेज जातोय म्हणजे सेटिंग बरोबर आहे.’ मी म्हटलं, अहो, दुकान उघडं आहे. तर म्हणे, ‘मग दुकान उघडं असताना फोनचं नेट बंद ठेवा, मेसेज जाणार नाही.’ मी विचारलं, मग ऑर्डर कशी दिसणार? तो म्हणाला, ‘ते तुमचं तुम्ही बघा.’ एवढं बोलून फोन ठेवला. नेट बंद असलं की हा आपोआप जाणारा अवे मेसेज जात नाही हे खरंच आहे. पण बंद नेटवर धंदा करायचा, तर तुम्हाला पैसे कशाला दिले?

शेवटी भाचीने बघितलं. अवे मेसेजच्या वेळापत्रकात तुम्ही Always send ठेवलं होतं. तिथे Outside of business hours हवं होतं. पण प्रोफाइलमध्ये दुकानाची वेळ भरल्याशिवाय ते निवडता येत नाही, आणि वेळ तुम्ही भरलीच नव्हती. सकाळी ९ ते रात्री ९, मंगळवार बंद, हे मी तुम्हाला कागदावर लिहून दिलं होतं.

कॅटलॉगचंही तेच. चकलीपुढे १२० रुपये लिहिलंत, वजन कुठेच नाही. तो पाव किलोचा भाव आहे. लोक किलोचा समजून येतात आणि काउंटरवर वाद घालतात. वजन नावातच हवं, ‘चकली, २५० ग्रॅम’ असं, कारण वर्णन उघडून कोणी वाचत नाही.

क्विक रिप्लायमध्ये /patta टाइप केलं की दुसऱ्याच कुठल्या तरी दुकानाचा पत्ता येतो! दुसऱ्याचा मजकूर उचलून डकवलात, एकदा वाचायचे कष्टही घेतले नाहीत.

अवे मेसेज भाचीने दुरुस्त केलाय. कॅटलॉगमधल्या ३८ पदार्थांची वजनं आणि सगळे क्विक रिप्लाय ८ दिवसांत नीट करून द्या, नाहीतर २,५०० रुपये परत करा. दोन्ही झालं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. हे दुकान मी पोटासाठी स्वतः चालवते, त्यामुळे ‘व्यापारी ग्राहक नसतो’ हे मला सांगू नका. मेसेजचे स्क्रीनशॉट आणि तुमची पावती जपून ठेवली आहे.

आणि यापुढे फोनवर तो माणूस नको.