सूचना : फॉर्म १६ आणि विवरणपत्रातील करकपात
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र भरण्यापूर्वी फॉर्म १६ च्या भाग अ मधील तिमाहीनिहाय करकपात आयकर विभागाकडील आपल्या कर-नोंदीशी, म्हणजे २६एएसशी, ताडून पाहावी.

अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या आपल्या एका सभासदाच्या पगारपत्रकांत वर्षभराची कपात ४८,००० रुपये होती, परंतु २६एएसमध्ये ३६,००० रुपयेच दिसत होते. मालकाने पगारावरील करकपातीच्या चौथ्या तिमाहीच्या २४क्यू विवरणात त्यांचा पॅन चुकवल्याने जानेवारी ते मार्चचे १२,००० रुपये त्यांच्या खात्यावर आलेच नव्हते. विवरणपत्रात ४८,००० लिहिले असते, तर तेवढ्या फरकाची मागणी सूचना येण्याची शक्यता होती, आणि ३६,००० लिहिणे म्हणजे स्वतःच्या हक्काचे पैसे सोडणे. (पगारपत्रक हा भक्कम पुरावा असला, तरी आयकर विभागाच्या संगणकाला तो दिसत नाही.)

अशा वेळी लेखा विभागाला लेखी कळवून दुरुस्ती विवरण दाखल करून घ्यावे, २६एएसमध्ये बदल दिसल्यावर नवा फॉर्म १६ मागावा आणि मगच विवरणपत्र भरावे. कापलेला कर मालकाने भरलाच नसेल, तर आयकर कायदा, १९६१ च्या कलम २०५ नुसार तो कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. त्यासाठी पगारपत्रके व बँकेचे उतारे जपून ठेवावेत.

— कार्यवाह, नाशिक