दहावीच्या पत्राचे सहा गुण नेमके कशाचे? मंडळाच्या अध्यक्षांना खुले पत्र

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
पुणे

विषय : दहावी मराठी प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेतील औपचारिक पत्राचे गुण विभागून देण्याबाबत

महोदय,

मी दहावीला मराठी शिकवते आणि बरीच वर्षे मराठीच्या उत्तरपत्रिकाही तपासते. उपयोजित लेखनाच्या चोवीस गुणांपैकी सहा गुण पत्राचे असतात. हे सहा गुण आम्ही कसे देतो आणि कसे द्यायला हवेत, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे. आधीच कबूल करते की खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्या मीही केलेल्या आहेत.

गठ्ठा समोर असला की पत्र तपासायला फार वेळ मिळत नाही. नजर आधी कडेने फिरते. दिनांक आहे, प्रति आहे, विषय आहे, महोदय आहे, खाली 'आपला विश्वासू' आहे. हे पाच सेकंदांत दिसते आणि तेवढ्यावर मनात एक आकडा पक्का होतो. मग मजकुरावरून नजर जाते ती तो आकडा अर्ध्याने वर किंवा खाली करायला. मांडणी डोळ्यांना दिसते, मजकूर मात्र वाचावा लागतो. सगळा घोळ इथे होतो.

गेल्या वर्षी सराव परीक्षेत मी एका रोपवाटिकेची जाहिरात दिली होती. सर्व प्रकारची रोपे मिळतील, शाळांना दहा टक्के सवलत, व्यवस्थापकांशी संपर्क साधावा, असा तिचा मजकूर होता. विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने रोपांची मागणी करणारे पत्र लिहायचे होते. त्यातली दोन उत्तरे मी बाजूला काढून ठेवली.

पहिल्या उत्तराची मांडणी मार्गदर्शकात छापावी इतकी नेटकी होती. दिनांक डावीकडे, प्रति, पद, पत्ता, ठळक विषय. मजकूर असा : 'आपल्या रोपवाटिकेची ख्याती आम्ही ऐकून आहोत. वृक्ष हे मानवाचे खरे मित्र आहेत. आमच्या शाळेने वृक्षारोपणाचा स्तुत्य उपक्रम हाती घेतला आहे. तरी आपण आम्हास रोपे पाठवून उपकृत करावे, ही नम्र विनंती.' आणि शेवटी 'आपला/आपली कृपाभिलाषी'. ती तिरकी रेघसुद्धा जशीच्या तशी. मार्गदर्शकात मुलगा-मुलगी दोघांसाठी मिळून एकच नमुना छापतात, त्यातले एक निवडून दुसरे गाळायचे असते हे त्या मुलाला कोणी सांगितलेच नव्हते. अशा रेघा मी दरवर्षी पाहते. कधी कधी सहीच्या जागीही प्रश्नात दिलेली दोन्ही नावे रेघेसकट उतरलेली असतात.

दुसऱ्या उत्तरात दिनांक उजवीकडे होता, विषयाची ओळ नव्हती आणि सुरुवात 'नमस्कार सर' अशी होती. पुढचा मजकूर असा : 'आमच्या शाळेत ५ जुलैला वृक्षारोपण आहे. आम्हाला कडुनिंबाची २०, चिंचेची १० आणि जांभळाची १० अशी ४० रोपे हवी आहेत. रोपे ३ जुलैला सकाळी शाळेत पोचती करावीत, म्हणजे दोन दिवस पाणी घालून ठेवता येतील. जाहिरातीतली दहा टक्के सवलत धरून बिल सोबत द्यावे, पैसे शाळा चेकने देईल. सुकलेली रोपे पाठवू नका.' शेवटी 'तुमची शारदा'.

आता आपणच रोपवाटिकेचे व्यवस्थापक आहात असे धरा. पहिले पत्र हातात आल्यावर किती रोपे भरायची, कोणती, कधी आणि कुठे न्यायची, यातले काहीच कळत नाही. दुसरे पत्र आल्यावर टेम्पो सांगता येतो.

ही दोन्ही उत्तरे मी ओळखीच्या पाच मराठी शिक्षकांना तपासायला दिली. पहिल्या उत्तराला सगळ्यांनी साडेचार ते साडेपाचच्या मध्येच गुण दिले. दुसऱ्याला कोणी अडीच दिले, कोणी पाच. अडीच देणाऱ्या सरांना विचारले तर म्हणाले, 'प्रारूपच चुकलंय.' पाच देणाऱ्या बाई म्हणाल्या, 'अहो, पोरीने पत्र लिहिलंय, बाकीच्यांनी नमुना लिहिलाय.' दोघांचेही कारण खरे आहे. पण त्याच उत्तरपत्रिकेला कोणाच्या गठ्ठ्यात ती पडली यावर अडीच गुणांचा फरक पडतो, हे बरे नाही.

मांडणी सोडून द्यावी असे माझे म्हणणे नाही. पाठ्यपुस्तकात ई-मेलच्या धर्तीवर सगळे डावीकडे घेण्याची पद्धत आली, लिफाफ्याची चौकट काढणे गेले, ते चांगलेच झाले. पण आमच्यातल्या काहींचा हात अजून जुन्या वळणाचा आहे. दिनांक उजवीकडे नसला की त्यांना चुकल्यासारखे वाटते, आणि नव्यांना उजवीकडे दिसला की वाटते. दिनांक कागदावर आहे ना, एवढेच बघावे. तो कोणत्या कडेला आहे यावर गुण जाऊ नयेत.

खरा प्रश्न सुराचा आहे. 'भाषा औपचारिक हवी' असे आम्ही वर्गात म्हणतो आणि मुले त्याचा अर्थ 'अवघड हवी' असा घेतात. म्हणून 'स्तुत्य', 'उपकृत', 'आम्हास' असे शब्द येतात. मराठीत मात्र औपचारिकपणा शब्दांपेक्षा क्रियापदाच्या शेवटाला बसलेला असतो. 'रोपे पाठवा' ही आज्ञा झाली. 'रोपे पाठवावीत' यात मागणीही आहे आणि अदबही. 'रोपे पाठवण्याची कृपा करावी' यात आपण समोरच्याकडे काहीतरी फुकट किंवा नियमाबाहेरचे मागतो आहोत, अशी छटा येते. तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कोणते बरोबर, हे पत्र कोण कोणाला कशासाठी लिहिते आहे यावर ठरते. वरच्या मुलीने 'पोचती करावीत', 'बिल सोबत द्यावे' हे अगदी नेमके लिहिले आणि शेवटच्या वाक्यात 'पाठवू नका' असा तिचा तोल गेला. 'सुकलेली रोपे नसावीत' एवढे लिहिले असते तरी भागले असते.

मागणी पत्र आणि विनंती पत्र यांतला फरकही इथेच आहे, आणि तो आम्ही शिक्षकच धूसर करून टाकला आहे. मागणी पत्रात व्यवहार असतो : माल, दर, तारीख, पैसे. तिथे 'कृपाभिलाषी' कशाला? आपण पैसे मोजून रोपे घेतो आहोत. तिथे 'आपली विश्वासू' शोभते. हीच रोपे विनामूल्य मागायची असती, तर ते विनंती पत्र झाले असते आणि 'कृपाभिलाषी' चालले असते. परीक्षक मात्र दोन्हीकडे दोन्ही शब्दांना बरोबरची खूण करतात, कारण जागेवर काहीतरी औपचारिक दिसते आहे. उलट 'कळावे, लोभ असावा' हे घरच्या पत्रातले वळण औपचारिक पत्राच्या शेवटी आले, तर एखादा परीक्षक अर्धा गुण कापतो आणि दुसऱ्याला त्यात काही खटकतच नाही.

माझी सूचना अशी की सहा गुणांचे चार भाग करावेत आणि चारही आकडे समासात लिहावेत. मांडणीला दीड : दिनांक, प्रति व पत्ता आणि विषय यांचा प्रत्येकी अर्धा. संबोधन आणि समारोपाला मिळून एक. मजकुराला अडीच. त्यासाठी प्रश्न काढणाऱ्यानेच उत्तरसूचीत पाच मुद्दे लिहून द्यावेत, प्रत्येकाला अर्धा. रोपांच्या पत्रात ते मुद्दे असे असते : कोण आणि कशासाठी, कोणती व किती रोपे, कधी, कुठे, पैशांचे काय. उरलेला एक गुण सुराचा.

याप्रमाणे पहिले उत्तर पुन्हा तपासले. मांडणी दीड. 'महोदय' बरोबर, समारोप चुकला, म्हणून अर्धा. मजकुरात पाचांपैकी एकच मुद्दा, म्हणजे अर्धा. सूर नम्र आहे, पण खरेदीला उपकार म्हटले आहे, म्हणून अर्धा. एकूण तीन. दुसऱ्या उत्तराला मांडणीचा एक, संबोधन-समारोपाला शून्य, मजकुराला पूर्ण अडीच, सुराला अर्धा. एकूण चार. इथे एक पथ्य पाळावे लागते. 'नमस्कार सर' आणि 'तुमची' यांचे गुण एकदा संबोधन-समारोपात गेले की तेच कारण दाखवून सुरात पुन्हा कापायचे नाहीत. सध्या गुण सर्वांत जास्त जातात ते या दुहेरी कापण्यात. विषयाची ओळ नाही म्हणून मांडणीत कापायचे आणि मग 'विषय स्पष्ट नाही' म्हणून मजकुरातही.

सुराचा गुण थोडा मनावर जाणारच. म्हणून तो एकच ठेवला आहे, आणि त्यात तीनच गोष्टी बघाव्यात : मागणीचे क्रियापद, अनावश्यक स्तुती, आणि हुकूम वाटेल असे वाक्य. मार्गदर्शकवाले याचाही साचा काढतील, यात शंका नाही. निदान त्या साच्यात 'किती रोपे?' ही रिकामी जागा तरी येईल.

समासात चार आकडे हवेत याला आणखी एक कारण आहे. निकालानंतर विद्यार्थी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवतात आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा का, हे तिच्यावरून ठरवतात. पालक ती घेऊन माझ्याकडे येतात. पत्राशेजारी नुसता '४' असतो. उरलेले दोन कुठे गेले, हे मलाही सांगता येत नाही.

ही विभागणी मान्य झाली, तर ती नमुना कृतिपत्रिकेसोबत, तपासलेल्या दोन उत्तरांसह, सहामाहीच्या आत शाळांपर्यंत पोचवावी. परीक्षा झाल्यावर फक्त परीक्षकांना कळून मुलांना काही उपयोग नाही. आमच्या शाळेत पहिल्या घटक चाचणीपासून आम्ही दोन शिक्षिका याच चार आकड्यांत एकमेकींचे गठ्ठे तपासणार आहोत. दोघींच्या गुणांत किती फरक पडतो, त्याचा तक्ता मंडळाकडे पाठवीन.

आपली विश्वासू,
दहावीची एक मराठी शिक्षिका

ता. क. औपचारिक पत्राला ता. क. जोडला की मी स्वतः अर्धा गुण कापत आले आहे. त्यालाही उत्तरसूचीत आधार काही सापडला नाही.