कारगिल कोणत्या रकान्यात घालायचे?

मा. संपादक, स. न.

‘लोकशाही देश एकमेकांशी युद्ध करत नाहीत’ हे वाक्य आपल्या रविवारच्या लेखात सिद्ध झालेल्या नियमासारखे छापले गेले आहे. मी अनेक वर्षे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवले. हा सिद्धांत मला मोलाचा वाटतो, म्हणूनच तो इतक्या सरसकटपणे मांडलेला पाहून राहवले नाही.

आम्हा ग्वाल्हेरकरांना तर कारगिल लगेच आठवते. 1999 च्या फेब्रुवारीत बसने लाहोरला गेलेले अटलजी याच गावचे. जूनमध्ये टायगर हिलवर बॉम्ब टाकणारी मिराज विमाने इथल्याच महाराजपूर तळावरची, त्या मोहिमेसाठी पंजाबात आदमपूरला हलवलेली. तेव्हा दिल्लीत निवडून आलेले पंतप्रधान होते आणि इस्लामाबादेतही. मग हे दोन लोकशाहींमधले युद्ध नव्हे काय?

उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. अभ्यासक साधारणपणे दोन याद्या एकमेकींशी जोडतात. एका यादीत युद्धे असतात. लढाईत किमान हजार सैनिक मेले तरच चकमकीला युद्ध म्हणायचे, असा तिचा दंडक आहे. कारगिल त्या यादीत आहे. दुसरी यादी ‘पॉलिटी’. ती दर वर्षी प्रत्येक देशाला उणे 10 ते अधिक 10 असे गुण देते, आणि 6 किंवा त्याहून जास्त गुण असलेल्या देशाला बहुतेक जण लोकशाही मानतात.

माझी भाची एमएच्या प्रबंधासाठी या याद्या जोडत होती. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. 1998 च्या ओळीत पाकिस्तान 6 च्या वर आणि 1999 च्या ओळीत थेट उणे. ‘मावशी, युद्ध तर मे ते जुलैमध्ये झालं ना?’ ती म्हणाली. तिने बरोबर पकडले होते. ही यादी वर्षअखेरची स्थिती नोंदवते, आणि मुशर्रफांनी सत्ता घेतली 12 ऑक्टोबरला. युद्ध संपल्यावर अडीच महिन्यांनी झालेल्या उठावामुळे कागदावर युद्धाच्या वेळचा पाकिस्तानही हुकूमशाही ठरतो. आदल्या वर्षाचे गुण घेतले की तेच युद्ध नियमाला अपवाद होऊन बसते.

सिद्धांताचे समर्थक म्हणतात की पाकिस्तानात निवडणुका होत्या, पण लष्करावर निवडून आलेल्यांचा ताबा नव्हता. हे खरेच आहे. घुसखोरीचा बेत मोजक्या सेनापतींनी आखला. नवाझ शरीफ यांना किती ठाऊक होते यावर आजही वाद आहे. टीकाकारांचा सवाल असा की लष्करावरचा ताबा ही अट आधीच का घातली नव्हती? युद्ध झाले की त्या देशाला लोकशाहीतून वगळायचे, असे चालले तर नियम कधीच खोटा पडणार नाही. मला हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. हजारांच्या दंडकाचेही असेच आहे. ब्रिटनने 6 डिसेंबर 1941 रोजी लोकशाही फिनलंडविरुद्ध युद्ध पुकारले होते, पण प्रत्यक्ष लढाई जवळजवळ झालीच नाही म्हणून ते मोजले जात नाही.

तरी पुरावा पोकळ नाही. गेल्या दोनशे वर्षांच्या नोंदींत प्रस्थापित लोकशाहींमधले निर्विवाद युद्ध दाखवणे फार अवघड जाते. फार्बर आणि गोवा या अभ्यासकांचे म्हणणे असे की 1914 पूर्वी लोकशाही देशांच्या जोड्या आणि इतर जोड्या यांच्यातला फरक ठळक दिसत नाही, आणि 1945 नंतर दिसतो तो बहुतेक लोकशाह्या सोव्हिएत संघाविरुद्ध एका गटात होत्या म्हणून. पण सोव्हिएत संघ 1991 मध्ये संपला आणि फ्रान्स व जर्मनी त्यानंतरही लढलेले नाहीत. त्यावर गार्ट्झके हे आणखी एक अभ्यासक म्हणतात, शांतता आणली ती मतपेटीने नव्हे, बाजार आणि भांडवलाच्या गुंतवणुकीने. पश्चिम युरोपात दोन्ही गोष्टी एकत्रच आल्या, त्यामुळे तिथे श्रेय कुणाचे हे वेगळे काढता येत नाही.

मॅन्सफील्ड आणि स्नायडर या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: लोकशाहीकडे वळू लागलेले, पण संस्था अजून कच्च्या असलेले देश युद्धात पडण्याचा धोका जास्त असतो. 1988 नंतरच्या पाकिस्तानला हे वर्णन मला चपखल वाटते. निवडणुकांमागून निवडणुका, आणि सेनापती मात्र स्वतंत्र.

तेव्हा पुढे कधी हा सिद्धांत छापाल तेव्हा ‘लोकशाही’ म्हणजे काय धरले आहे, ते कृपया त्याच परिच्छेदात छापा. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरातली माणसे त्या उन्हाळ्यात द्रासला होती.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, लष्कर, ग्वाल्हेर