ईशाच्या गिटारसाठी तीन कार्डं

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. ईशाला तेराव्या वाढदिवसाला गिटार घ्यायची ठरवलीस, फार बरं वाटलं. तू विचारतोस कोणत्या कंपनीची घेऊ, आणि नऊ हजारांत चांगली मिळेल का. मिळेल. पण कंपनीच्या आधी दुसरंच काहीतरी बघ. ते आम्हाला रोहनच्या वेळी कळलं नव्हतं आणि त्यात पोराचे चार महिने गेले.

रोहनची गिटार आम्ही इथल्याच एका दुकानातून आणली होती. दिसायला देखणी आणि आवाजही भरदार. पहिल्या आठवड्यात त्याची बोटं दुखली, ती सगळ्यांचीच दुखतात. नव्या मुलाच्या बोटांची टोकं घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतातच. पण दोन महिन्यांनंतरही तो तार दाबायचा तेव्हा अंगठ्याचं नख पांढरं पडायचं, आणि एफ कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा तो जुडगा, लावला की सहापैकी तीन तारा मुक्याच राहायच्या. "बाबा, माझ्या हातात जोरच नाही," असं म्हणून त्याने ती कपाटाच्या मागे उभी करून ठेवली. मीही म्हणत होतो, सराव कमी पडतोय. त्याला तसं बोललो, याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी सूरसागरजवळ म्युझिक कॉलेजच्या बाजूला सतारी-तंबोरे दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे ती नेली. त्यांनी गिटार वाजवलीच नाही. आडवी धरून एका डोळ्याने मानेवरून नजर टाकली आणि म्हणाले, "छोकरानो हाथ बराबर छे, तार ऊंचो छे."

मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. फ्रेटपासून तार किती उंच आहे, त्याला गिटारवाले 'ॲक्शन' म्हणतात. ती बाराव्या फ्रेटवर मोजायची, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि पहिल्या बारीक तारेखाली दोनच्या आतबाहेर असलं की नवशिक्याचं छान जमतं. रोहनच्या गिटारची जाड तार ३.८ मिलिमीटरवर होती. तार जितकी उंच तितका जोर जास्त लागतो, शिवाय ती दाबताना जास्त ताणली जाते, म्हणून सूरही चढतो. आमच्याकडे मोकळ्या तारा सुरात असूनही कॉर्ड बेसूर वाटायचे, ते याचमुळे.

दुकानात पट्टी घेऊन बसायची गरज नाही. तुझी एटीएमची कार्डं ने. एक कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं (अक्षरं उठावाची नसलेली सपाट कार्डं घे). आधी गिटार सुरात लावायला सांग, कारण ढिल्या तारांवर केलेलं माप फसवं असतं. मग कार्डं एकावर एक धरून त्यांची कड बाराव्या फ्रेटच्या माथ्यावर, जाड तारेखाली सरकव. तीन कार्डं तारेला जेमतेम लागून गेली तर उत्तम. चार सहज गेली तर तार उंच आहे. आमच्या गिटारखाली पाच गेली होती.

उंच आहे म्हणून लगेच नाकारू नकोस, ती खाली आणता येते का ते बघ. तारा पोटावर जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजवर एक पांढरी पट्टी असते, तिला सॅडल म्हणतात. आपल्या सतारीच्या घोडीसारखंच तिचं काम. ती लाकडातून किती वर आली आहे ते बघ. तीनेक मिलिमीटर असेल तर तळ घासून तार उतरवता येते. पट्टी आधीच लाकडात बुडालेली आणि तरीही तार उंच, म्हणजे मानेचा कोनच चुकलाय. अशी गिटार कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. तो दोष काढण्याचा खर्च गिटारच्या किमतीला येऊन पोचतो.

आमच्या गिटारची सॅडल चार मिलिमीटर वर होती, म्हणून वाचलो. कारागिरांनी आधी मानेतल्या धातूच्या सळीला, म्हणजे ट्रस रॉडला, थोडा थोडा पीळ देऊन मानेचा बाक कमी केला, त्याने तार ३.४ वर आली. पुढे ०.८ उतरवायची होती. त्यांनी सॅडलच्या तळाचे १.६ घासले, दुप्पट. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून सॅडल जेवढी उतरते त्याच्या निम्मीच तार तिथे उतरते. काचेवर पॉलिशपेपर अंथरून ती पट्टी ते सरळ उभी धरून घासत होते, मधूनमधून बसवून पाहत होते. तळ वाकडा झाला तर आवाज मरतो. ट्रस रॉडला मात्र तू घरी हात लावू नकोस, जास्त पिळला तर मान बिघडते.

एफ कॉर्डची अडचण दुसऱ्या टोकाला होती. तारा जिथून मानेवर येतात त्या नटच्या खाचा कमी खोल होत्या. हेही दुकानात कळतं. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर फट बघायची. कागद जाईल एवढीच हवी. तिथे कार्ड जात असेल तर पहिल्या फ्रेटवरचा प्रत्येक कॉर्ड दुखणारच. या सगळ्याचे आम्ही सहाशे रुपये दिले. त्याच संध्याकाळी रोहनने एफ लावला आणि सहाही तारा बोलल्या.

आता आकार. ईशा वहिनींसारखी लहानखुरी आहे, म्हणून दुकानात दिसणारी मोठी ४१ इंची ड्रेडनॉट नको. तिचा खालचा फुगवटा जवळजवळ ४० सेंटिमीटर रुंद आणि पोट १२ सेंटिमीटर खोल असतं. त्यावरून हात टाकताना मुलीचा उजवा खांदा वर जातो आणि अर्ध्या तासात मान दुखते. 'कॉन्सर्ट' आकाराची माग, कमरेत बारीक आणि कमी खोल. आवाजाची गाज थोडी कमी असते, घरात सरावाला ती पुरते. तिला हात नसलेल्या खुर्चीवर बसव, गिटार उजव्या मांडीवर. खांदा न उचलता हात तारांवर पडला आणि पहिल्या फ्रेटशी पोचताना डावं कोपर ताठ झालं नाही, तर माप बरोबर. तीनचतुर्थांश गिटार विकायला बघतील, ती दहा वर्षांच्या आतल्याला ठीक. ईशाला वर्षभरात अपुरी पडेल.

नऊ हजार सगळे गिटारवर लावू नकोस. साडेसात हजारांपर्यंत गिटार घे, प्लायची चालेल. आपल्याकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात अखंड लाकडापेक्षा ती कमी हलते. उरलेल्यात ॲक्शन बसवून घेणं, क्लिपचा ट्यूनर, पिशवी, आणि लगेच बदलायला हलक्या तारांचा संच. पाकिटावर पहिल्या तारेचा आकडा .010 किंवा .011 असलेला माग. .012 पेक्षा त्या बोटांना मऊ लागतात. रॉयल निळा रंग हवा असं ईशाने लिहिलंय, तो मिळाला तर जरूर घे. आवडत्या रंगाची गिटार हातात जास्त राहते, हे मी रोहनच्या बाबतीत पाहिलंय.

शनिवारी दुकानात जाशील तेव्हा एक कर. पसंत पडलेली गिटार आडवी ठेवून बाराव्या फ्रेटचा आणि सॅडलचा बाजूने फोटो काढ, कार्डं तारेखाली ठेवूनच. मला पाठव. मी दुपारी घरीच आहे, बघून लगेच फोन करतो. तोवर पैसे देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, ईशाला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश